मुदत नसलेला वायदा

वायदा म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा, भाव मात्र आजच ठरलेला. समजा बिटकॉइन हजर बाजारात 1,00,000 डॉलरला आहे आणि तीन महिन्यांनी संपणारा त्याचा वायदा 1,02,000 ला चालला आहे. कोणी हुशार व्यापारी हजरमध्ये एक बिटकॉइन विकत घेतो आणि त्याच वेळी वायदा विकून टाकतो. मुदत संपते त्या दिवशी वायद्याचा हिशेब हजर भावानेच होतो, त्यामुळे मधल्या काळात भाव पन्नास हजारांवर आला काय किंवा दोन लाखांवर गेला काय, त्याचे 2,000 डॉलर पक्के. त्यातून गुंतवलेल्या पैशाचं तीन महिन्यांचं व्याज वजा करायचं, उरेल तो नफा. फरक व्याजापेक्षा फार वाढला की असे व्यापारी तुटून पडतात आणि वायद्याचा भाव खाली ओढला जातो. सगळी ताकद त्या एका तारखेत आहे.

आता ती तारीखच काढून टाकली तर?

अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट शिलर यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अशा कायमस्वरूपी वायद्याची कल्पना मांडली होती. त्यांच्या डोक्यात घरांच्या किमतींसारख्या सहज खरेदी-विक्री न होणाऱ्या गोष्टी होत्या. प्रत्यक्षात ती चालली क्रिप्टोमध्ये. 2016 मध्ये बिटमेक्स या एक्स्चेंजने बिटकॉइनचा ‘पर्पेच्युअल स्वॅप’ आणला. दर महिन्याला किंवा तिमाहीला सौदा पुढच्या मुदतीत ओढत न्यायची कटकट त्यात नाही. पण मुदत नाही म्हणजे भाव हजर भावाला येऊन मिळेल याची हमीही नाही. वरचा व्यापारी विचारेल, माझे पैसे सुटणार कधी?

त्यावरचा तोडगा म्हणजे फंडिंग रेट. बिटमेक्सवर दर आठ तासांनी हिशेब होतो. वायद्याचा भाव हजर भावाच्या वर असेल तर साधारणपणे तेजीवाले मंदीवाल्यांना पैसे देतात, पुरेसा खाली असेल तर उलट. ही रक्कम एक्स्चेंजच्या खिशात जात नाही, या बाजूकडून त्या बाजूला जाते.

मुंबईच्या जुन्या शेअर दलालांना हे ऐकून बदल्याची आठवण येईल. सौदा न मिटवता पुढे ढकलायचा तर तेजीवाला बदला भरायचा. शेअरचाच तुटवडा असेल तर मंदीवाल्याला भरावा लागे, तो उंधा बदला. सेबीने 2001 मध्ये ही पद्धत बंद केली. फंडिंग हा तिचा सख्खा भाऊ म्हणावा इतका जवळचा आहे, फक्त दर दलालांच्या सौदेबाजीऐवजी सूत्रातून निघतो.

त्या सूत्रात दोन भाग आहेत. एक, आठ तासांसाठी 0.01 टक्के हा ठरावीक व्याजदर. दुसरा, वायदा हजर भावापेक्षा सरासरी किती टक्के वर किंवा खाली राहिला ते अंतर. अंतर किरकोळ असेल तर नुसता 0.01 टक्के लागतो, जो वर्षाला सुमारे 11 टक्के होतो. अंतर मोठं झालं की त्यातून 0.05 टक्के वजा करून उरलेलं सगळं फंडिंग बनतं. म्हणजे हजर भाव 1,00,000 असताना वायदा सरासरी 1,00,300 वर राहिला, तर अंतर 0.30 टक्के आणि फंडिंग 0.25 टक्के. एका बिटकॉइनच्या तेजीवर आठ तासांना 250 डॉलर!

आणि हा दर पूर्ण सौद्यावर लागतो, भरलेल्या मार्जिनवर नाही. नवखे नेमके इथेच फसतात. दहापट उधारीवर 10,000 डॉलर मार्जिन भरून बसलेल्याचे असे चार हप्ते गेले, तर भाव जागेवर असूनही मार्जिनचे दहा टक्के साफ. तो कंटाळून विकतो आणि समोरून फंडिंगच्या आशेने नवे मंदीवाले येतात. दोघांच्याही विक्रीने वायदा हजर भावाकडे सरकतो. मात्र ही ओढ आहे, मुदतीसारखी सक्ती नाही. लाट जोरात असली की लोक महाग फंडिंग भरूनही दिवसेंदिवस टिकून राहतात.

फंडिंग उणे गेलं की ‘बाजार मंदीत’ असं सर्रास म्हटलं जातं. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचं ‘मर्ज’, म्हणजे ती साखळी चालवायची पद्धतच बदलणं, होणार होतं. जुनी साखळी वेगळी चालू राहिली तर हजर इथर, म्हणजे इथेरियमचं नाणं, बाळगणाऱ्याला नवी नाणी फुकट मिळणार होती. म्हणून अनेकांनी इथर विकत घेतलं आणि भावाची जोखीम नको म्हणून तेवढाच पर्पेच्युअल विकला. त्या विक्रीने वायदा हजरच्या बराच खाली गेला आणि फंडिंग खोल उणे झालं. त्यांना इथर पडेल असं वाटत नव्हतं. ते फुकटच्या नाण्यांची किंमत मोजत होते. 15 सप्टेंबरला मर्ज पार पडलं, कारण संपलं, आणि दर लवकरच शून्याच्या आसपास आला.