छाट कलम : गुलाब व जास्वंद

झाडाच्या फांदीचा तुकडा मूळ झाडापासून पूर्ण तोडून, तो ओलसर माध्यमात रोवून त्याला नवी मुळे फुटू देणे आणि त्यापासून स्वतंत्र रोप तयार करणे, या पद्धतीला छाट कलम किंवा फाटे कलम म्हणतात. घरगुती बागेत हा प्रयोग सर्वाधिक होतो तो गुलाब आणि जास्वंद यांच्यावर. काडीचे खालचे टोक मधात किंवा बाजारात मिळणाऱ्या रूटिंग पावडरीत बुडवण्याची प्रथा त्याला जोडूनच आली आहे. काडी लागली तर श्रेय मधाला किंवा पावडरीला मिळते आणि ती वाळली तर दोष हाताच्या गुणाला. प्रत्यक्षात बहुतेक काड्या या दोन्हींशी फारसा संबंध नसलेल्या कारणांनी मरतात.

कोकणात आणि गोव्यात लाल गावठी जास्वंदीच्या फांद्या पावसाळ्यात कुंपणाला नुसत्या खोचल्या तरी जगतात. तीच फांदी पुण्यातील एखाद्या गच्चीवरच्या कुंडीत मार्चमध्ये पावडर लावून रोवली, तर आठवड्यात पाने गाळते. फरक काडीत नसून हवेत आहे. तोडलेल्या काडीला मुळे नसतात, त्यामुळे तिला खालून मिळणारे पाणी अगदी थोडे असते, पण पानांतून पाणी उडत राहणे थांबत नाही. मुळे फुटायला जास्वंदीला साधारण तीन ते पाच आठवडे आणि गुलाबाला चार ते आठ आठवडे लागतात. तेवढा काळ काडी सुकू न देणे आणि कुजू न देणे हेच या पद्धतीतले मुख्य काम असते. कोकणातला आषाढ ते फुकट करून देतो, कारण तिथे हवा दमट असते, ऊन नसते आणि जांभ्या जमिनीत पडलेले पाणी मुरून जाते.

काडीला मुळे फुटतात ती सालीच्या लगेच आत असलेल्या कोवळ्या थरातून. शेंड्यावरच्या डोळ्यांत, म्हणजे पालवी फुटते त्या अंकुरांत, आणि कोवळ्या पानांत ऑक्झिन नावाचे संजीवक तयार होते आणि ते खोडातून खालच्या दिशेने वाहते. काडी तोडली की ते खालच्या कापावर साचते आणि तिथल्या काही पेशी मुळे घडवू लागतात. याच कारणाने उलटी रोवलेली काडी सहसा लागत नाही. म्हणूनच रोपवाटिकेत काडी तोडताना वरचा काप सरळ आणि खालचा तिरका घेतात. पन्नास काड्यांच्या गठ्ठ्यात वरचे टोक कोणते हे मग शोधावे लागत नाही.

रूटिंग पावडर हेच काम बाहेरून करते. वनस्पतींतील नैसर्गिक ऑक्झिन उजेडात लवकर विघटित होते, तर त्याच्याशी जवळचे नाते असलेले इंडॉल ब्युटिरिक आम्ल अधिक टिकते. त्याने व नॅफ्थलिन ॲसेटिक आम्लाने छाटांना मुळे फुटण्यास मदत होते, हे अमेरिकेतील बॉइस थॉम्पसन संस्थेत झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी 1935 मध्ये दाखवले. आजच्या पावडरीत बहुधा पहिले आम्ल असते आणि बाकी जवळजवळ सगळी शंखजिऱ्याची भुकटी. कोवळ्या काडीसाठी 0.1 टक्के, अर्धवट जून काडीसाठी 0.3 टक्के आणि जून काडीसाठी 0.8 टक्के अशा तीव्रता रूढ आहेत, 0.3 टक्के म्हणजे एक ग्रॅम पावडरीत 3 मिलिग्रॅम संजीवक. ज्या पुडीवर ही टक्केवारी लिहिलेली नाही, ती विकत न घेतलेली बरी.

पावडरीमुळे मुळे थोडी लवकर, अधिक संख्येने आणि सगळ्या काड्यांना बरोबरीने येतात. मात्र सुकणारी काडी ती थांबवत नाही आणि कुजणारी वाचवत नाही. वापरण्यातल्या चुकाही ठरलेल्या आहेत. काडी थेट डबीत बुडवल्यास उरलेल्या पावडरीत ओल आणि बुरशी शिरते, म्हणून लागेल तेवढी कागदावर काढून घ्यावी. टोक किंचित ओले करून खालचा सेंटिमीटरभर भाग पावडरीत टेकवावा आणि काडी बोटाने टिचकून जादा पावडर झाडावी. जाड थर दिल्यास टोकाजवळची साल काळी पडून मरते आणि डोळे फुटणे लांबते, म्हणजे औषधच अपाय करते. शिवाय काडी माध्यमात दाबून खुपसली की पावडर तोंडाशीच पुसली जाते, त्यामुळे आधी पेन्सिलीने भोक पाडून मग काडी सोडावी.

मधाची गोष्ट वेगळी आहे. मुळे फुटण्यास उपयोगी पडेल इतके ऑक्झिन मधात नसते, त्यामुळे त्याला नैसर्गिक रूटिंग हॉर्मोन म्हणणे चूक आहे. मधात सुमारे 80 टक्के शर्करा असते, तो आम्लधर्मी असतो, आणि पाण्यात पातळ केल्यावर त्यातील एका विकरामुळे थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. ताज्या कापावर काही काळ जंतूंना आवर बसावा, एवढीच त्याच्याकडून रास्त अपेक्षा. परंतु काडी ओल्या माध्यमात गेली की तो मध विरघळून पातळ होतो आणि उरलेले गोड पाणी बुरशीचेच अन्न होते. घरगुती कृतींत मध पाण्यात उकळायला सांगतात, त्यात तर ते विकरही उष्णतेने नष्ट होते. मध लावलेल्या दहा काड्यांपैकी सात लागल्या, हा मधाचा पुरावा मानला जातो. पण त्याच झाडाच्या, त्याच दिवशी तोडलेल्या दहा कोऱ्या काड्या शेजारी लावून पाहिलेल्या नसतात. गावठी जास्वंदीच्या बाबतीत त्या कोऱ्या काड्याही बहुधा तितक्याच लागल्या असत्या. कोरफडीचा गर आणि दालचिनीची पूड यांच्याबद्दलचे दावेही असेच तपासून पाहावे लागतात.

सर्वांत जास्त फसवणूक मात्र पालवीमुळे होते. समजा, फूल गळून गेलेल्या गुलाबाच्या फांदीची पेन्सिलीएवढी जाड, 15 सेंटिमीटर लांबीची काडी नोव्हेंबरात रोवली. दहा-बारा दिवसांत डोळे फुगतात आणि तांबूस पालवी बाहेर येते. घरात आनंद होतो, कुंडी उन्हात सरकवली जाते, वर थोडे खतही पडते. ही पालवी काडीतल्या साठवलेल्या अन्नावर आणि पाण्यावर फुटलेली असते; फुलदाणीतल्या फांदीलाही ती फुटते. त्या वेळी काडीच्या बुडाशी फार तर जखम भरून काढणारी पांढरट, दाणेदार गाठ आलेली असते, जिला कॅलस म्हणतात. कॅलस म्हणजे मूळ नव्हे, आणि कॅलस आलेल्या प्रत्येक काडीला मुळे येतातच असेही नाही. नव्या पानांमुळे बाष्पीभवन वाढते, पाणीपुरवठा तेवढाच राहतो, आणि तिसऱ्या आठवड्यात पालवी एका दुपारी मान टाकते. पाणी कमी पडले असे समजून मालक पाणी वाढवतो आणि जी काडी सुकून मरत होती ती कुजून मरते.

सुकणे आणि कुजणे यांतला फरक काडीवर स्पष्ट दिसतो. सुकलेली काडी वरून खाली तपकिरी होत येते, सालीवर उभ्या सुरकुत्या पडतात आणि बूड बराच काळ हिरवे राहते. कुजलेली काडी खालून वर काळी पडते. उपटल्यास बुडाची साल ओल्या कागदासारखी बोटात निघून येते आणि घाण वास येतो. पहिल्या स्थितीत पानांभोवतीचा दमटपणा कमी पडला, दुसऱ्या स्थितीत बुडाशी हवा कमी पडली. नवी मुळे घडताना पेशींना प्राणवायू लागतो आणि काळ्या, चिकण मातीत सतत पाणी भरलेले असले की तो मिळत नाही. म्हणून या कामासाठी माती, शेणखत वगैरे काही न वापरता जाड, धुतलेली वाळू आणि धुतलेले कोकोपीट निम्मे-निम्मे घ्यावे. मूठभर मिश्रण घट्ट पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा; धार लागली तर ते फार ओले आहे. दमटपणा माध्यमात नव्हे तर पानांभोवती लागतो, आणि त्यासाठी कुंडीवर पारदर्शक पिशवी बांधून ती उजेडी सावलीत ठेवावी. हीच पिशवी थेट उन्हात ठेवल्यास आतली काडी दोन तासांत शिजते.

काडीची निवडही तितकीच निर्णायक असते. गुलाबाचा काटा बाजूने दाबल्यावर कट्कन सुटून येत असेल, तर ती फांदी योग्य वयाची समजावी. जास्वंदीची साल हिरवीकडून करड्या रंगाकडे झुकू लागलेली असावी. काप पेराच्या लगेच खाली घ्यावा, दोन पेरे माध्यमात जावीत, कळ्या खुडाव्यात आणि वर एक-दोनच पाने ठेवून तीही अर्धी कापावीत. गावठी गुलाबी गुलाब आणि एकेरी लाल जास्वंद अशा काळजीने बहुतेक लागतात. मोठ्या फुलांच्या संकरित गुलाबांत आणि रंगीबेरंगी संकरित जास्वंदींत मात्र प्रमाण खाली येते. म्हणूनच रोपवाटिकेत असे गुलाब खुंटावर, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या मुळे असलेल्या खोडावर, डोळे भरून करतात आणि अशा जास्वंदी गावठी जास्वंदीच्या खुंटावर बांधतात. पुष्पगुच्छातल्या गुलाबाची काडी लावू पाहणाऱ्याला आणखी एक अडचण असते : ते फूल शीतगृहातून, कित्येक दिवस पाण्याच्या बादल्यांत राहून आलेले असते. तशी काडी लागली, तरी ती जात खुंटावर जेवढ्या जोमाने वाढते, तेवढी स्वतःच्या मुळांवर वाढेलच असे नाही.

मुळे आली की नाही हे पाहण्यासाठी काडी उपटण्याचा मोह चौथ्या-पाचव्या दिवसापासून होतो आणि नुकती फुटू लागलेली मुळे त्यातच तुटतात. महिन्याभराने काडी दोन बोटांत धरून अगदी हलके ओढून पाहावी; ती अडली तर मुळांनी पकड घेतली आहे. पारदर्शक पेल्यात लावल्यास एवढेही करावे लागत नाही, कडेने पांढरे धागे दिसतात. त्यानंतरही पिशवी एकदम काढू नये. ती पहिल्या दिवशी संध्याकाळी तासभर उघडावी आणि आठ-दहा दिवसांत हा वेळ वाढवत न्यावा, कारण पिशवीतल्या दमट हवेत वाढलेली पाने मऊ असतात आणि बाहेरच्या कोरड्या हवेत पाणी धरून ठेवू शकत नाहीत. ज्या काड्या पाच आठवडे नीट राहून सहाव्यात मरतात, त्यांतल्या बऱ्याच या घाईत किंवा दोन-तीन सेंटिमीटरची ठिसूळ मुळे तोडून केलेल्या पुनर्लागवडीत जातात.