निविदा भरण्याचा किंवा सोडण्याचा निर्णय

जाहीर झालेल्या निविदेत दर भरायचा की ती सोडून द्यायची, हे ठरवण्याची प्रक्रिया. छोट्या कंत्राटदाराला हा निर्णय दर ऑनलाइन सादर करण्याआधीच पक्का करावा लागतो, कारण सर्वात कमी दर भरून काम मिळाल्यावर माघार घेतली तर बयाणा रक्कम जप्त होते आणि काळ्या यादीत जाण्याची शक्यता असते. ही नोंद महाराष्ट्रातील सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषदांच्या छोट्या रस्तेकामांपुरती आहे.

पहिली चाळणी निविदा क्षमतेची. तिचे रूढ सूत्र `A × N × 2 − B` असे आहे. A म्हणजे गेल्या पाच वर्षांतील एका वर्षात केलेले सर्वाधिक काम, आजच्या किमतीला आणून. N म्हणजे नव्या कामाची मुदत वर्षांत, आणि B म्हणजे त्याच मुदतीत पुरी करायची हातातली कामे. उदाहरणादाखल 60 लाखांचे, सहा महिने मुदतीचे काँक्रीट रस्त्याचे काम घेऊ. कंत्राटदाराचे A 90 लाख आणि B 25 लाख असेल, तर क्षमता 90 × 0.5 × 2 − 25, म्हणजे 65 लाख. तो पात्र ठरतो. पण काम मिळताच त्याचा B 85 लाखांवर जातो आणि पुढच्या सहामाही कामासाठी जेमतेम 5 लाखांची क्षमता उरते. पडेल भावात घेतलेले काम असे पुढच्या चांगल्या कामाची वाट अडवते. हा खर्च अंदाजपत्रकात कुठेच दिसत नाही, म्हणून तो बहुतेक वेळा मोजलाच जात नाही.

दुसरी पायरी जागेची पाहणी. तिथे सर्वांत आधी तपासायचा तो लीड, म्हणजे खडी, वाळू, मुरूम किती अंतरावरून आणावा लागेल ते. अंदाजपत्रकासोबतच्या लीड तक्त्यात खाण 18 किलोमीटरवर दाखवलेली असते. प्रत्यक्षात ती बंद पडलेली असते आणि चालू क्रशर निघतो 42 किलोमीटरवर. कामाला 900 घनमीटर खडी लागणार असेल आणि वाहतूक दर घनमीटरला किलोमीटरमागे 10 रुपये धरली, तर या 24 जादा किलोमीटरचे 2 लाख 16 हजार रुपये होतात. बी-2 नमुन्याच्या निविदेत प्रत्येक बाबीचा दर वेगळा भरता येत असल्याने खडीच्या बाबी वाढवता येतात. बी-1 मध्ये मात्र संपूर्ण अंदाजपत्रकावर एकच टक्केवारी भरायची असते, त्यामुळे हा बोजा त्या एका आकड्यातच मावावा लागतो. निविदा उघडण्यापूर्वी लेखी विचारणा करून शुद्धिपत्रक निघाले तर उत्तमच. पण त्याच्या भरवशावर दर ठरवू नये.

मग येतो पैशाचा प्रश्न, आणि छोट्या कंत्राटदाराचा निर्णय खरा इथेच होतो. मजुरी आठवड्याला द्यावी लागते, डिझेल रोखीने घ्यावे लागते, सिमेंटवाला फार दिवस थांबत नाही. देयक मात्र निधी आल्यावरच निघते. 2025 मध्ये राज्यातील कंत्राटदार संघटनांनी थकीत देयकांसाठी आंदोलने केली होती. म्हणून कामाला प्रशासकीय मान्यता आहे एवढ्यावर समाधान न मानता, ते कोणत्या लेखाशीर्षाखाली आहे आणि त्या शीर्षावर चालू वर्षात किती तरतूद आहे, हे विभागात जाऊन विचारावे. त्याच शीर्षावर आधी कामे केलेल्यांची देयके कधी निघाली, हे त्यांच्याकडून कळते आणि ती माहिती कागदापेक्षा खरी असते.

वरच्या उदाहरणाचा हिशेब असा. दरसूचीच्या दरांत कंत्राटदाराचा नफा साधारण 10 टक्के धरलेला असतो. 60 लाखांत तो सुमारे 5 लाख 45 हजार. लीडचा फरक वजा केल्यावर उरतात 3 लाख 29 हजार. 25 लाख रुपये चार महिने अडकले तर 12 टक्के व्याजाने एक लाख जातात आणि उरतात 2 लाख 29 हजार. म्हणजे अंदाजपत्रकाच्या चार टक्के ‘बिलो’ गेले की नफा संपला. पैसे आठ महिने अडकले तर ही मर्यादा दोन टक्क्यांवरच येते. सुरक्षा ठेवीत अडकणारी रक्कम यात धरलेलीच नाही. फार खाली गेल्यास अतिरिक्त सुरक्षा ठेवही द्यावी लागते आणि हाती खेळणारा पैसा आणखी आटतो.

हा आकडा हाती आल्यावर त्याच विभागातील मागील निविदांचे निकाल पाहावेत. `mahatenders.gov.in` वर ते मिळतात. तिथे अशी कामे सातत्याने 12 ते 15 टक्के बिलोने जात असतील, तर चार टक्क्यांची मर्यादा असलेल्याने निविदा सोडणेच योग्य. स्वतःचा क्रशर किंवा जवळच यंत्रसामग्री असलेला स्पर्धक तिथे खरोखरच कमी खर्चात काम करू शकतो.

एक अपवाद मानला जातो. मोठ्या निविदांच्या पात्रतेसाठी तशाच कामाच्या अनुभवाचा दाखला लागतो आणि तो मिळवण्यासाठी काही जण एखादे काम जाणूनबुजून विनानफा घेतात. त्यातही दाखला कामाच्या नावाला नव्हे तर निविदेत मागितलेल्या बाबीला व रकमेला जुळायला हवा. शिवाय काम मुदतीत पुरे झाल्याची नोंद त्यावर हवी. मुदतवाढ आणि दंड दाखवणारा दाखला पुढच्या निविदेत अडचणीचा ठरू शकतो.