औषधचिठ्ठीवाचन

डॉक्टरांनी हाताने लिहिलेली औषधचिठ्ठी आणि केसपेपरवरील नोंदी वाचणे, त्यांतील संक्षेप उलगडणे, संशयास्पद औषधनावांचा निर्णय करणे आणि हा मजकूर रुग्ण, विमा कंपनी किंवा न्यायालय यांच्यासाठी मराठीत आणणे. पूर्वी दवाखान्यातील कंपाउंडर हे काम ओघाने करीत असे. आज ते औषधविक्रेता, वैद्यकीय अनुवादक आणि पुष्कळदा घरातील इंग्रजी जाणणारी व्यक्ती यांच्यात विभागलेले आहे.

चिठ्ठीच्या माथ्यावर पायाला काट दिलेले ‘आर’ हे रोमन अक्षर असते. त्याच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. एक मत त्याचा संबंध इजिप्तमधील होरस देवाच्या डोळ्याशी जोडते, दुसरे गुरू ग्रहाच्या चिन्हाशी. तिसऱ्या मतानुसार ते ‘रेसिपे’ म्हणजे ‘घे’ या लॅटिन आज्ञार्थी रूपाचा संक्षेप आहे. मध्ययुगीन लेखनिक शब्द तोडून लिहिताना अक्षराला काट देत आणि अशी काट ‘आर’खेरीज इतर अक्षरांवरही आढळते. शिवाय जुन्या लॅटिन औषधयोगांची सुरुवात याच क्रियापदाने होते. त्यामुळे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ग्रहाचे आणि डोळ्याचे साम्य मागाहून सुचलेले असावे. ही आज्ञा रुग्णाला उद्देशून नाही. अमुक द्रव्य घे, तमुक मिसळ, असे ते औषध बनवणाऱ्याला सांगणे होते. औषधे कारखान्यात तयार होऊ लागल्यावर आज्ञेचे प्रयोजन संपले, चिन्ह मात्र टिकले.

मात्रेचे संक्षेपही लॅटिनच आहेत आणि ते ब्रिटिश वैद्यकशिक्षणाबरोबर भारतात आले. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले. ‘बीडी’ म्हणजे दिवसातून दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा, ‘एचएस’ म्हणजे झोपताना. ‘एसओएस’चा संकटाच्या हाकेशी संबंध नाही, ‘सी ओपुस सित’, म्हणजे गरज पडल्यास, याची ती आद्याक्षरे आहेत. ‘ओडी’ हा संक्षेप विशेष फसवा आहे. ब्रिटिश परंपरेत आणि म्हणून आपल्याकडे तो ‘ओम्नी दिए’चा, म्हणजे रोज एकदा. अमेरिकेत त्याचा रूढ अर्थ उजवा डोळा असा आहे. आपल्याकडील नेत्रतज्ज्ञही त्याच अर्थाने तो वापरतात, त्यामुळे डोळ्याच्या थेंबांपुढील ‘ओडी’ कोणत्या अर्थाचा हे बाकीच्या ओळीवरूनच ठरवावे लागते. मुलाकडे परदेशी जाणाऱ्या आईवडिलांचे कागद मराठीत किंवा साध्या इंग्रजीत आणताना हा संक्षेप तसाच ठेवणे टाळतात.

मराठीत आणताना गोंधळ बहुधा औषधाच्या नावापेक्षा वेळेच्या शब्दांत होतो. ‘एसी’ म्हणजे जेवणाआधी. त्याचे भाषांतर ‘उपाशीपोटी’ असे केले जाते आणि तेथे अर्थ बदलतो. थायरॉइडची गोळी खरोखर अनशापोटी घ्यायची असते आणि तिच्यानंतर अर्धा ते एक तास काही खायचे नसते. मधुमेहावरील ग्लिमेपिराइडसारखी गोळी जेवणाआधी घेतात ती लगेच जेवायचे असते म्हणून. तिच्यापुढे ‘उपाशीपोटी’ लिहिले आणि रुग्ण तसाच बसून राहिला, तर साखर उतरून घाम, थरथर आणि बेशुद्धीपर्यंत वेळ येऊ शकते. ‘दिवसाआड’ हा शब्द निःसंदिग्ध आहे, पण ‘दोन दिवसाआड’ म्हणजे दर दुसऱ्या दिवशी की मध्ये दोन दिवस सोडून, यावर एका घरातही एकमत होत नाही. अशा वेळी वारांची नावे लिहिणे बरे. संधिवातावरील मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि ते चुकून रोज घेतल्याने मृत्यू ओढवल्याच्या नोंदी आहेत. म्हणून तेथे ‘फक्त रविवारी’ असे वार घालून लिहितात.

औषधाचे नाव लागत नसेल तर अनुभवी वाचक अक्षरांपासून सुरुवात करीत नाहीत. मोडी वाचणारा जसा मायना आणि कालगणना आधी लावून घेतो, तसे ते आकडे, औषधाचा प्रकार आणि निदान आधी पाहतात. १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये न्यायालयात गेलेले एक प्रकरण या पद्धतीचे उत्तम उदाहरण आहे. दम्याच्या रुग्णाला छातीतील संसर्गासाठी डॉक्टरांनी ‘अमॉक्सिल’ हे प्रतिजैविक लिहिले. औषधविक्रेत्याने ते ‘डाओनिल’ असे वाचले आणि मधुमेहाच्या गोळ्या दिल्या. रुग्णाला मधुमेह नव्हता. साखर अतिशय उतरून त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली.

अक्षरांपुरते पाहिले तर चूक समजण्यासारखी होती: घाईत लिहिलेला रोमन ‘ए’ ‘डी’सारखा दिसतो, मधला ‘एक्स’ ‘एन’मध्ये मिसळतो आणि दोन्ही नावांचा शेवट ‘इल’ने होतो. आकडे मात्र वेगळेच सांगत होते. चिठ्ठीवर २५० मिलिग्रॅम लिहिले होते, तर डाओनिलची गोळी ५ मिलिग्रॅमची. २१ गोळ्या, दिवसातून तीनदा, म्हणजे बरोबर सात दिवस. प्रतिजैविकाचा हा नेहमीचा हिशेब, पण मधुमेहाची गोळी सात दिवसांपुरती कोणी देत नाही. त्याच चिठ्ठीवर दम्याचा इन्हेलर होता. शिवाय मधुमेहींना तेथे औषधाचे शुल्क माफ असते आणि या रुग्णाने ते भरले होते. अक्षर वाईट असल्याबद्दल न्यायालयाने डॉक्टरांवर २५ टक्के जबाबदारी ठेवली आणि या खुणा न पाहिल्याबद्दल औषधविक्रेत्यावर ७५ टक्के. वाटणीचे हे प्रमाण वाचणाऱ्याला कठोर वाटेल, पण तर्क चोख आहे.

आकडेही वाचकाला फसवतात. ‘१० युनिट’मधील युनिटसाठी लिहिलेला रोमन ‘यू’ वरून मिटला की शून्य दिसतो आणि इन्सुलिनचे १० युनिट १०० होतात. दशांश चिन्हानंतरचे अनावश्यक शून्यही असेच: ठिपका पुसट असला की १.० चे १० होते. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ पासून या दोन्ही लेखनपद्धती वर्ज्य ठरवल्या आहेत.

केसपेपरवरील नोंदींत संक्षेपाचा अर्थ विभागावरून ठरतो. ‘पीआयडी’ स्त्रीरोग विभागात ओटीपोटातील दाह, तर अस्थिरोग विभागात मणक्यातील सरकलेली चकती. समजा, एका कागदावर ‘एलबीपी ३/५२, एसएलआर उजवा ४०, पीआयडी एल४-५’ अशी ओळ आहे. कमरेतील वेदना, पाय सरळ उचलण्याची चाचणी आणि कण्याच्या मणक्यांचे क्रमांक, या तिन्ही खुणा दुसऱ्या अर्थाकडे बोट दाखवतात. ३/५२ हा अपूर्णांक नव्हे आणि तारीखही नव्हे. वर्षाच्या ५२ आठवड्यांपैकी तीन, म्हणजे तीन आठवडे. त्याच रीतीने ५/७ म्हणजे पाच दिवस आणि २/१२ म्हणजे दोन महिने. ‘एनएडी’ म्हणजे तपासणीत दोष आढळला नाही. ‘तपासणीच केली नाही’ हा त्याचा अर्थ वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या थट्टेतला.

भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये आचारनियमांत दुरुस्ती करून औषधे मूळ नावाने, वाचता येतील अशी आणि शक्यतो मोठ्या रोमन अक्षरांत लिहावीत असे सांगितले. तरी जुने कागद वाचावे लागतातच. अनुवादकापुढील अडचण अशी की देवनागरीत नाव उतरवले की शंका झाकली जाते. ‘लॅसिक्स’ (लघवी वाढवणारे) आणि ‘लोसेक’ (आम्लपित्तावरील) ही नावे रोमन हस्ताक्षरात इतकी जवळ येत की १९९० मध्ये अमेरिकेत लोसेकचे नाव बदलून प्रिलोसेक करावे लागले. देवनागरीत मात्र ती स्पष्ट वेगळी दिसतात आणि अनुवादकाचा अंदाज वाचकाला खात्री वाटतो. म्हणून न्यायालयीन व विम्याच्या अनुवादात मूळ ओळीचे छायाचित्र सोबत ठेवतात, न लागलेल्या शब्दाच्या जागी चौकटी कंसात ‘अवाच्य’ लिहितात आणि दोन वाचने संभवत असतील तर दोन्ही देतात. औषध प्रत्यक्ष घ्यायचे असेल तेव्हा हा पर्याय नसतो. चिठ्ठीवरील दूरध्वनी क्रमांकावर विचारून मगच गोळी देतात.