बिगर-कार्यकारी संचालकाचं नियुक्तीपत्र: सही करण्याआधी वेळेचं कलम नीट वाचा

संचालक मंडळावर येण्याचं निमंत्रण मिळालं, की बहुतेक जण नियुक्तीपत्रात आधी मुदत आणि मानधन बघतात. अशी पत्रं तयार करणं हे माझं रोजचं काम आहे. पुढे कुरबुर होते ती बहुतेक वेळा वेळेच्या कलमावरून, आणि नेमकं तेच कलम लोक घाईघाईत वाचतात.

बिगर-कार्यकारी संचालक कंपनीचा नोकर नसतो. रोजचा कारभार कार्यकारी संचालक आणि व्यवस्थापक बघतात. हा संचालक मंडळावर बसून त्या कारभाराला प्रश्न विचारतो, धोरण ठरवताना मत देतो, हिशेबांवर लक्ष ठेवतो. म्हणून पत्रात सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की हा नोकरीचा करार नाही. याचा सरळ अर्थ असा की पद गेलं तर नोकरी गेल्याची भरपाई मागता येत नाही. जबाबदारी मात्र इतर संचालकांइतकीच असते. ब्रिटनच्या २००६ च्या कंपनी कायद्यात कलम १७१ ते १७७ मध्ये संचालकांची कर्तव्यं दिली आहेत आणि त्यांत कार्यकारी व बिगर-कार्यकारी असा भेद केलेला नाही. भारताच्या २०१३ च्या कायद्यात कलम १४९ च्या १२ व्या उपकलमात थोडं संरक्षण आहे. मंडळाच्या कामकाजातून जे संचालकाला माहीत झालं आणि त्याच्या संमतीने किंवा मूकसंमतीने घडलं, किंवा जिथे त्याने पुरेशी दक्षता घेतली नाही, तेवढ्यापुरताच तो जबाबदार धरला जातो. ‘दक्षता घेतली नाही’ हे शब्द लक्षात ठेवा, कारण वेळेचं कलम तिथेच येऊन मिळतं. कागद न वाचता बैठकीला बसलेल्या माणसाला हे संरक्षण फारसं कामाला येत नाही.

२००३ मध्ये ब्रिटनमध्ये बिगर-कार्यकारी संचालकांच्या भूमिकेवरच्या डेरेक हिग्ज यांच्या अहवालासोबत अशा पत्राचा एक नमुना आला. महिन्याला किती दिवस लागतील हे त्यात आकड्याने लिहायला जागा ठेवली होती, आणि नेमणूक स्वीकारणारी व्यक्ती एवढा वेळ देऊ शकते असं तिच्याकडून वदवूनही घेतलं होतं. म्हणजे सही केली की ‘मला वेळ आहे’ हे विधान तुमचं झालं.

आता आकडा तपासायचा कसा ते बघू. समजा, एका निवृत्त बँक अधिकारी बाईंना मध्यम आकाराच्या उत्पादन कंपनीने बोलावलं आहे आणि पत्रात लिहिलं आहे ‘महिन्याला साधारण दोन दिवस’. वर्षाचे झाले २४. मंडळाच्या सहा बैठका, प्रत्येकी एक दिवस, म्हणजे ६. प्रत्येक बैठकीआधी साधारण २०० पानं येतात. हिशेबाची पानं तासाला तीसच्या वर वाचून होत नाहीत, म्हणजे सात तास, म्हणजे बैठकीमागे आणखी एक दिवस. हे झाले १२. लेखापरीक्षण समितीच्या चार बैठका, वाचन धरून प्रत्येकी एक दिवस: १६. वार्षिक सर्वसाधारण सभा १, धोरणावरची दोन दिवसांची बैठक २, कारखान्याला दोन भेटी २, प्रशिक्षण १, आणि फोन, ईमेल, मधेच आलेले ठराव यांचे २. बेरीज बरोबर २४.

हिशेब जुळला, पण त्यात श्वास घ्यायला जागा नाही. आणि हे सगळं सुरळीत चाललेल्या वर्षाचं गणित आहे. पहिल्या वर्षी कंपनी समजून घेण्यातच चार-पाच दिवस जास्तीचे जातात. बाईंना समितीचं अध्यक्षपद दिलं, तर लेखापरीक्षकांशी वेगळ्या बैठका आणि कार्यक्रमपत्रिका ठरवणं आलं. कंपनी विकली जाणार असेल, पैशाची ओढाताण असेल किंवा हिशेबात घोटाळा सापडला, तर दोन महिन्यांत वर्षाचे दिवस संपतात. म्हणून पत्रात तीन वाक्यं आहेत का ते बघा: पहिल्या वर्षीचे जादा दिवस, समितीच्या अध्यक्षपदाचे वेगळे दिवस, आणि अडचणीच्या काळात वेळ वाढल्यास मानधनाचं काय. तिसरं वाक्य बहुतेक पत्रांत नसतं. मागून घ्यावं; त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या मंडळांवर असाल तर तेही इथेच सांगायचं. नवं पद घेण्याआधी अध्यक्षांची संमती घ्यावी, अशी अट बहुधा असते. भारतात कायद्यानेच २० कंपन्यांची कमाल मर्यादा आहे, त्यांतल्या पब्लिक कंपन्या १० पर्यंत. आणि १२ महिन्यांत झालेल्या मंडळाच्या एकाही बैठकीला हजर राहिला नाहीत तर रजा मागितली असली तरी पद आपोआप रिकामं होतं.

वर्तणुकीच्या भागात गोपनीयता, भेटवस्तू आणि शेअरचे व्यवहार यांची कलमं येतात. कंपनी बाजारात नोंदलेली असेल, तर निकाल जाहीर होण्याआधीच्या बंद काळात तुम्ही आणि जवळचे नातेवाईक तिचे शेअर घेऊ-विकू शकत नाही. घरच्यांना हे त्याच दिवशी सांगून ठेवा.

सगळ्यांत जपायचं कलम हितसंबंधांचं. वरच्याच उदाहरणात बाईंच्या पुतण्याची वाहतूक संस्था आहे आणि कंपनी तिला माल नेण्याचं काम देण्याच्या विचारात आहे. ‘ठराव आला की सांगू’ असं म्हणून चालत नाही. नेमणुकीच्या वेळीच लेखी कळवायचं, विषय निघाला की पुन्हा सांगायचं, चर्चेच्या वेळी खोलीबाहेर जायचं, आणि ही गोष्ट इतिवृत्तात नोंदली गेली का ते पुढच्या बैठकीत ते मंजूर करण्याआधी वाचून बघायचं. शेवटची पायरी लोक विसरतात. इतिवृत्तात नसलेलं ‘मी बाहेर गेले होते’ नंतर सिद्ध करणं फार कठीण जातं. विरोधी मताचंही तसंच. ते नोंदवा असं बैठकीतच सांगायचं.

पात्रतेसाठी विशिष्ट पदवी सहसा लागत नाही. दिवाळखोरी, गुन्ह्यातली शिक्षा अशा अपात्रता नसाव्यात. ‘स्वतंत्र’ संचालक म्हणून घेत असतील तर कंपनीशी, प्रवर्तकांशी पैशाचे किंवा नात्याचे संबंध नसल्याचं जाहीर करावं लागतं. वरच्या पुतण्याचा प्रश्न तिथे आणखी आधी, पात्रता ठरवतानाच येतो.

भारतात कागद साधारण असे लागतात: संचालक ओळख क्रमांक, डीआयआर-२ मधली संमती, डीआयआर-८ मधलं अपात्र नसल्याचं पत्र, आणि एमबीपी-१ मध्ये इतर हितसंबंधांची माहिती. नेमणुकीनंतर ३० दिवसांत कंपनी डीआयआर-१२ भरते. स्वतंत्र संचालकाच्या पत्रात काय असावं हे कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात दिलं आहे: मुदत, मंडळाच्या अपेक्षा, समित्या, कर्तव्यं आणि त्यासोबत येणारी देणी, विमा, आचारसंहिता, करू नयेत अशा गोष्टी आणि मानधन. एका वेळची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं.

हे कागद कंपनी तुमच्याकडून मागते. तुम्हीही तिच्याकडून मागा: मागच्या तीन वर्षांचे वार्षिक अहवाल, लेखापरीक्षकांचे शेरे, गेल्या वर्षीची इतिवृत्तं, आणि संचालकांच्या दायित्व विम्याची प्रत. विम्यात पद सोडल्यानंतरच्या दाव्यांना संरक्षण किती वर्षं आहे ते वाचा, कारण दावे बरेचदा माणूस निघून गेल्यावर येतात. इतिवृत्तं द्यायला कंपनी फारच टाळाटाळ करत असेल तर सही थांबवा आणि कारण विचारा.

सगळं पटलं की दोन प्रतींवर सही करून एक स्वतःकडे ठेवा. तिच्या मागे तुमचा २४ दिवसांचा हिशेब टाचून ठेवा आणि सहा महिन्यांनी प्रत्यक्षात किती दिवस गेले ते त्यावर लिहा. आकडा फार पुढे गेला असेल तर तो कागद घेऊन अध्यक्षांशी बोला.