निखाऱ्याची धग आणि भिंतीचा ताव

तंदूरमध्ये डोकावलं, निखारे लालभडक दिसले, तोंडावर झळ आली की बहुतेक जण नान लाटायला घेतात. पहिला नान भिंतीवर थापला जातो, दोन क्षण टिकतो आणि सरळ राखेत पडतो. मग दोष कणकेला दिला जातो. कणीक बहुधा ठीक असते. निखाऱ्याची धग आणि भिंतीचा ताव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निखारे तयार झाले म्हणजे भिंत तयार झाली असं नाही.

धग लवकर येते आणि लवकर जाते. कोळसा नीट पेटला की वीसेक मिनिटांत ती भरपूर असते. खालचं वाऱ्याचं दार उघडलं की लगेच वाढते, बंद केलं की उतरते. भिंतीचं तसं नाही. जाड माती हळूहळू तापते आणि तितक्याच हळूहळू निवते. घरगुती तंदूरलाही पाऊण तास ते सव्वा तास सहज लागतो. तिथे वाऱ्याच्या दाराशी खेळून काही साधत नाही, वाट पाहावी लागते.

भिंत तयार झाल्याची खूण डोळ्यांना दिसते. आधी ज्वाळांमुळे ती काजळीने काळी होते. माती पुरेशी तापली की तीच काजळी जळून जाते आणि भिंत पुन्हा मातकट, फिकट दिसू लागते. काळेपणा आहे तोवर नान नको. लेझर लावून ताप मोजणारं यंत्र असेल तर ते नान थापायच्या जागेवर रोखावं, निखाऱ्यांवर नाही. तिथे 250 ते 300 अंश सेल्सिअस आले की काम सुरू करता येतं. यंत्र नसेल तर कणकेचा छोटासा तुकडा चिकटवून पाहावा: धरून राहिला आणि अर्ध्या मिनिटात त्यावर फोड आले, तर भिंत तयार.

नानला दोन्ही उष्णता लागतात. भिंतीकडची बाजू मातीला टेकून भाजते, उघडी बाजू निखाऱ्यांच्या धगीने. म्हणून तयार नानच्या दोन्ही बाजू पाहिल्या की तंदूरचं काय बिनसलंय ते कळतं. वरून करपला आणि पाठ पांढरीच राहिली, तर धग जास्त, भिंत थंड. पाठ काळी आणि वरचा भाग कच्चा असेल तर उलट.

थापताना नान हातात धरायच्या छोट्या कापडी गादीवर पसरायचा, भिंतीला लागणाऱ्या बाजूला ओला हात फिरवायचा आणि गादीसकट एका झटक्यात दाबायचा. घाबरत, हळूच टेकवलेला नान मध्येच हवा धरून सुटतो. भिंत फारच तापली असेल तर मिठाच्या पाण्याचा हबका मारतात; ताव किंचित उतरतो. ताव बरोबर असेल तर नान एक ते दीड मिनिटात होतो. ओली कणीक तेवढ्या जागेची उष्णता ओढून घेते, म्हणून पुढचा नान शेजारी थापावा. हे मी पाहिलेले बहुतेक लोक विसरतात.

सळईचं गणित वेगळं. मांस भिंतीला टेकतच नाही. ते निखाऱ्यांच्या आणि भिंतीच्या झळांमध्ये उभं असतं. खालचा तुकडा निखाऱ्यांना सगळ्यात जवळ, तो आधी करपणार. म्हणून टोकाला कांद्याचा जाड तुकडा ओवतात. तुकडे घसरत नाहीत आणि पहिली झळ कांदा सोसतो. लहान, बिनहाडांच्या चिकनला साधारण सात-आठ मिनिटं. मग सळई बाहेर काढून उभी टांगायची, रस निथळू द्यायचा, लोणी लावायचं आणि दोन-तीन मिनिटं परत आत. मधली विश्रांती चुकवू नये, कारण तेवढ्यात बाहेरची उष्णता आत मुरते. तुकड्याचा गाभा 74 अंशांवर गेला की झालं. बाहेर काळं आणि आत गुलाबी निघालं, तर भिंत तापण्याआधीच सळया टाकल्या होत्या असं समजावं.

एकाच संध्याकाळी टिक्का आणि नान दोन्ही करायचे असतील तर कोळसा पेटवून तासभर थांबावं. काजळी गेलेली आणि निखाऱ्यांवर राखेचा पातळ थर आलेला दिसला की वाऱ्याचं दार अर्धं उघडं ठेवून सळया आधी घालाव्यात, झाकण अर्धवट ठेवून. सळया निथळायला बाहेर आल्या की तंदूर मोकळा असतो. तेवढ्यात एक-दोन नान थापून होतात. त्यानंतर टिक्का दुसऱ्यांदा आत जातो आणि भिंतीला पुन्हा ताव धरायला वेळ मिळतो. उरलेले नान शेवटी. तोवर निखारे मंदावलेले असतात पण भिंत गरम असते, त्यामुळे नानची पाठ भाजते आणि वरची बाजू फिकी राहते. तेव्हा वाऱ्याचं दार पूर्ण उघडावं, नाहीतर नान आकड्याने सोडवून तसाच निखाऱ्यांवर काही सेकंद धरावा.

आणि हे सगळं उघड्यावरच. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. बंद खोलीत किंवा खिडकी बंद असलेल्या गॅलरीत तंदूर पेटवू नये.