लेस नसलेला बूट फाउंड्रीत कसा आला

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या लहान फाउंड्रीत आणि फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये बहुतेकांच्या पायांत एकच प्रकारचा बूट दिसतो. पुढे पोलादी टोपी, खाली पीयूचा म्हणजे पॉलियुरेथेनचा सोल आणि मधोमध लेस. दांडिया बाजारातून सायकलवर पहिल्या पाळीला जाणाऱ्या जुन्या मोल्डरांच्या चपलांपेक्षा तो नक्कीच बरा. पण हा बूट वजन उचलणाऱ्यांसाठी घडला. वितळलेल्या धातूच्या रसाजवळ उभे राहणाऱ्यांसाठी वेगळा बूट त्याच्या आधीपासून होता, आणि त्याला लेस नव्हती.

त्या बुटाचे मूळ कारखान्यात नाही. जोसेफ स्पार्क्स-हॉल हा लंडनचा चांभार, व्हिक्टोरिया राणीचे बूट करणारा. त्याने १८४० मध्ये दोन्ही बाजूंना ताणणारी पट्टी लावलेल्या घोट्याएवढ्या बुटाचे पेटंट घेतले. चार वर्षांनी अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला रबर व्हल्कनाइझ करण्याचे पेटंट मिळाले. असे रबर ताणून सोडले तरी पुन्हा जागेवर येते, म्हणून या पट्ट्या टिकाऊ झाल्या. अमेरिकेत या बुटाला ‘काँग्रेस’ म्हणत. दिवाणखान्यातली ही चैन पुढे ओतारी कामगारांच्या पायांत गेली, कारण तिच्यात त्यांना हवे ते दोन्ही होते: समोर सपाट चामडे, आणि एका झटक्यात पाय बाहेर काढायची सोय.

याला इतके महत्त्व का, ते बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक थेंब पायावर कसा वागतो त्यावरून कळते. दोघांनी धरलेल्या लॅडलमधून, म्हणजे रस ओतायच्या भांड्यातून, साधारण १,३५० ते १,४०० अंश सेल्सिअसचा रस साच्यात जातो. कडेवरून थोडा सांडला आणि खाली काँक्रीट ओलसर असले, तर पाण्याची वाफ होताना आकारमान हजार पटींहून अधिक वाढते आणि रस उसळून पायांवर येतो. गुळगुळीत चामड्यावर पडलेला थेंब घरंगळतो. डाग पडतो, क्वचित भोकही, पण चामडे जाड असेल तर पाय वाचतो. तोच थेंब लेसच्या वेटोळ्यात किंवा बुटाच्या जिभेच्या दोन्ही बाजूंच्या घडीत अडकला, तर थंड होईपर्यंत तिथेच बसतो. थेंब किती गरम आहे त्यापेक्षा तो किती वेळ टिकून बसला यावर जखमेची खोली ठरते. लेस नायलॉनची असेल तर ती वितळून लेसच्या भोकातल्या आयलेटला चिकटते आणि सुटत नाही. हातात जाड मोजे, गाठ दुहेरी, माणूस वेदनेने उड्या मारतोय. अशा वेळी वाकून गाठ सोडणे जमत नाही. लेस नसलेल्या बुटात दुसऱ्या पायाने टाच दाबली की पाय निघतो.

आता वजनाचा धोका. पोलादी टोपीचे बूट विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पसरले आणि अमेरिकेत १९४४ मध्ये त्यांचे पहिले राष्ट्रीय मानक आले. टोपी बोटांवर संपते. त्यामागे पायाची पाच लांब हाडे आहेत, मेटाटार्सल, आणि त्यांच्यावर फक्त चामडे असते. मोल्डिंग बॉक्स, म्हणजे साच्याची जड पेटी, आडवा पडला की त्याची कड बरोबर याच जागी येते. त्यावर पहिला उपाय म्हणजे बुटावर वरून बांधायचे धातूचे कवच. ते हरवे, वाकडे होई, कामगार ते काढून कोपऱ्यात टाकत. मग कवच बुटालाच शिवलेले आले आणि ते झडपेसारखे लेसवर येऊन ती झाकू लागले. लेसचे बूट विकणाऱ्यांना हे सोयीचे पडले: वजनाचाही बंदोबस्त, ठिणग्यांचाही. पण झडपेच्या वरच्या आणि बाजूच्या कडा उघड्या राहतात. तिथून आत गेलेला रस झडपेखाली लपतो आणि दिसतही नाही. माझ्या मते फाउंड्रीत लेसवर झडप लावलेला बूट हा अर्धवट तोडगा आहे.

या कवचाकडून अपेक्षाही मापात ठेवाव्यात. आयएसओ २०३४५ या आंतरराष्ट्रीय मानकात टोपीची परीक्षा २०० ज्यूल ऊर्जेच्या आघाताने होते, मेटाटार्सल कवचाची मात्र १०० ज्यूलने. त्या आघातानंतर मधल्या मापांच्या बुटात आत सुमारे ४० मिलिमीटर जागा उरली पाहिजे. हिशोब सोपा आहे. ८० सेंटिमीटर उंच टेबलावरून १२ किलोचे कास्टिंग घसरले तर साधारण ९४ ज्यूल, म्हणजे जेमतेम हद्दीत. कमरेच्या उंचीवरून २५ किलोचा बॉक्स पडला तर २०० ज्यूलच्या वर. टोपीचीही हद्द ओलांडली जाते, कवचाची तर दुपटीने.

उष्णतेबाबतचा गैरसमज याहून मोठा. बुटाच्या लेबलवर ‘एचआरओ’ ही उष्णता सोसणाऱ्या सोलची खूण असली की बूट ‘हीटप्रूफ’ असे दुकानदार बेधडक सांगतो. एचआरओची चाचणी फक्त सोलची असते. ३०० अंशांवर तापलेल्या पृष्ठभागाला सोल एक मिनिट टेकवतात. तो वितळता कामा नये, तडकता कामा नये. नायट्राइल रबर त्यात टिकते, साधा पीयू सोल टिकत नाही. वरच्या चामड्यावर बीड सांडले तर काय होईल, याचे उत्तर त्या अक्षरांत नाही. ते उत्तर देण्यासाठी २०१० मध्ये आयएसओ २०३४९ आले, आणि २०१७ मध्ये त्याचे दोन भाग झाले: पहिला फाउंड्रीसाठी, दुसरा वेल्डिंगसाठी. फाउंड्रीच्या भागात लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची चाचणी वेगवेगळी आहे, आणि ते रास्तच आहे. ॲल्युमिनियमचा रस बराच कमी तापमानाचा असतो, पण तो ज्या तऱ्हेने पसरतो आणि चिकटतो तसे बीड वागत नाही. आपल्याकडचे आयएस १५२९८ हे मानक मुळात २०३४५ च्या वळणाचे. म्हणून नुसता आयएसआय शिक्का पाहून बूट रस ओतण्याच्या जागेसाठी घेऊ नये.

वेल्डरांचे दुखणे थोडे वेगळे. त्यांच्यावर रस पडत नाही, दिवसभर बारीक स्पॅटर, म्हणजे तापलेल्या धातूचे शिंतोडे, पडतो, आणि लेसचा धागा महिन्याभरात जळून तुटतो. शिवाय आपला वेल्डर पुष्कळदा उकिडवा बसून काम करतो. तेव्हा पाऊल बोटांपाशी मुडपते आणि बाहेरच्या कडक कवचाची मागची कड घोट्यापुढे रुतते. असे बूट दुपारपर्यंत शेडच्या कोपऱ्यात जातात. चामड्याच्या आत, आघात झाला की कडक होणाऱ्या लवचिक फोमचे कवच त्यांना जास्त चालते. त्यात वर कड नसते, म्हणजे स्पॅटर अडकायलाही जागा नसते.

लेस नसलेल्या बुटाची स्वतःची दुबळी जागा म्हणजे ती ताणणारी पट्टी. रबर जळते. म्हणून चांगल्या फाउंड्री बुटात पट्टीवर चामड्याची झाकण-पट्टी असते, शिलाई आगीत टिकणाऱ्या अरामिड धाग्याची असते, आणि उंच बुटात पट्टीऐवजी झटक्यात सुटणारे बक्कल असते. पट्टी सैल झाली की चालताना टाच वर उचलली जाते आणि घोट्याभोवती फट पडते. सोल शाबूत असला तरी तो बूट तिथेच बदलावा. पँट नेहमी बुटाच्या बाहेर सोडायची, आत खोचायची नाही, आणि मोजे सुती किंवा लोकरीचे घालायचे. नायलॉनचा मोजा कातडीवर वितळतो, आणि मग बूट कितीही झटकन निघाला तरी मोजा निघत नाही.