रिसेट केलेल्या फोनमध्ये मागे काय उरतं?

केंब्रिज विद्यापीठातल्या लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन या दोन संशोधकांनी २०१४ साली २१ जुने अँड्रॉइड फोन विकत घेतले. ते पाच कंपन्यांचे होते आणि अँड्रॉइडच्या २.३ ते ४.३ या आवृत्त्यांवर चालत होते. फॅक्टरी रिसेट केल्यावर या फोनमध्ये काय शिल्लक राहतं, हे त्यांना तपासायचं होतं. त्यांचा शोधनिबंध २०१५ मध्ये आला. त्यात फोटो, मेसेज आणि ईमेलचे तुकडे सापडल्याची नोंद होतीच, पण खरा धक्का टोकनचा होता.

आपण फोनवर एकदा लॉगिन करतो आणि पुढे रोज पासवर्ड विचारला जात नाही. त्याचं कारण असं की पहिल्या लॉगिननंतर सर्व्हर फोनला एक लांबलचक गुप्त अक्षरमाळ देतो. तेच टोकन. पुढच्या प्रत्येक वेळी फोन ते दाखवतो आणि सर्व्हर दार उघडतो. रिसेट नीट न झालेल्या बहुतेक फोनमधून गूगल खात्याचं असं टोकन या दोघांना परत मिळवता आलं. त्या फायली जागेवर ठेवून फोन पुन्हा सुरू केल्यावर फोन मूळ मालकाच्या खात्याशी जोडला गेला आणि संपर्कयादी, ईमेल वगैरे सर्व्हरवरून आपोआप उतरू लागलं. म्हणजे फोनमध्ये नसलेली माहितीही फोनमधून बाहेर आली. असं दोष असलेलं रिसेट तेव्हा ५० कोटींपर्यंत फोनमध्ये असू शकेल, असा त्यांचा अंदाज होता.

हे घडलं कसं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. संगणकात फाइल डिलीट करणं म्हणजे माहिती पुसणं, असं कधीच नव्हतं. यंत्रणा फक्त ‘ही जागा आता मोकळी’ अशी नोंद करते. जुना मजकूर दुसरं काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत तिथेच राहतो. सगळं खरोखर पुसायला वेळ लागतो आणि वापरणाऱ्याला तर काम चटकन व्हायला हवं असतं, म्हणून ही पद्धत रूढ झाली. सिमसन गारफिंकल आणि अभि शेलाट या एमआयटीतल्या दोन संशोधकांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क गोळा केल्या आणि २००३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतल्या १२९ चालू होत्या आणि नीट पुसलेल्या सापडल्या फक्त १२. बाकींमधून हजारो क्रेडिट कार्ड क्रमांक निघाले. त्या काळच्या डिस्कसाठी उपाय सोपा होता: सगळ्या जागेवर शून्यं लिहून टाकायची.

फोनमधल्या फ्लॅश मेमरीने तो उपायही काढून घेतला. या चिपमध्ये लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही, आधी एक मोठा पट्टा एकदम कोरा करावा लागतो. शिवाय प्रत्येक पट्टा ठरावीक वेळाच कोरा करता येतो. म्हणून चिपमधला नियंत्रक नवीन मजकूर दुसऱ्याच मोकळ्या जागी लिहितो आणि जुनी प्रत सवडीने साफ करण्यासाठी बाजूला ठेवतो. आपण फोटोवर शून्यं लिहितो, ती भलतीकडेच जातात. कायमचं पुसण्याचा आदेश चिपला देता येतो, पण सायमन आणि अँडरसन यांना दिसलं की कित्येक फोनमध्ये तो आदेश पोचवणारं सॉफ्टवेअर उत्पादकांनी घातलेलंच नव्हतं. फॅक्टरी रिसेट पूर्ण झाल्याचा संदेश यायचा आणि चिपमध्ये जुना मजकूर तसाच असायचा.

यावर टिकाऊ उत्तर एन्क्रिप्शनने दिलं. मेमरीत जाणारी प्रत्येक गोष्ट आधीच कूटबद्ध करायची आणि ती उलगडणारी किल्ली चिपच्या एका लहानशा, नक्की पुसता येणाऱ्या जागी ठेवायची. मग रिसेट म्हणजे फक्त ती किल्ली नष्ट करणं. बाकी सगळं जागेवर राहिलं तरी ते निरर्थक आकड्यांचं जंजाळ असतं. आयफोनमध्ये ही रचना २००९ च्या ३जीएसपासून आली. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या ६.० आवृत्तीपासून पुरेशी ताकद असलेल्या नव्या फोनना एन्क्रिप्शन सक्तीचं झालं आणि १० व्या आवृत्तीपासून सगळ्याच नव्या फोनना. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: गेल्या काही वर्षांतला फोन असेल तर पुसण्याच्या खास ॲपची गरज नाही, फोनचं स्वतःचं रिसेट पुरेसं आहे. पण ते योग्य क्रमाने करायला हवं.

आधी बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या उपकरणावर उघडून पाहा. ओटीपी बनवणारी ऑथेंटिकेटर ॲप आणि बँकेची ॲप नव्या फोनवर सुरू करून घ्या. हा टप्पा विसरला तर आपणच आपल्या खात्याबाहेर अडकतो. मग सिम आणि मेमरी कार्ड काढा. आता खात्यातून बाहेर पडा: आयफोनवर आयक्लाउडमधून साइन आउट करून फोन शोधण्याची सोय बंद करा, अँड्रॉइडवर सेटिंग्जमधून गूगल खातं काढा. त्यानंतरच सेटिंग्जमधून रिसेट करा. आयफोनवर त्या पर्यायाचं नाव ‘Erase All Content and Settings’ असं दिसतं. अँड्रॉइडवर तो बहुधा ‘Reset options’ खाली असतो. ई-सिम असेल तर तेही पुसण्याचा पर्याय निवडा. काम झाल्याची खूण अशी: फोन सुरू होताना भाषा निवडायचा पडदा येतो आणि पुढे कुठेही जुन्या खात्याचा पासवर्ड मागत नाही. मागत असेल तर खातं अजून त्या फोनशी बांधलेलं आहे.

शेवटचा टप्पा बहुतेक जण वगळतात. दुसऱ्या उपकरणावरून खात्याच्या सुरक्षा विभागात जा, उपकरणांच्या यादीतून जुना फोन काढा आणि पासवर्ड बदला. यामुळे मागे राहिलेलं टोकन सर्व्हरकडूनच रद्द होतं. केंब्रिजमधल्या त्या फोनच्या मालकांना एवढ्याने मोठं संरक्षण मिळालं असतं.

एन्क्रिप्शन नसलेला जुना अँड्रॉइड असेल तर आधी सेटिंग्जमध्ये ते सुरू करा, त्यासाठी आकड्यांचा पिन नको, लांब पासवर्ड ठेवा. मग रिसेट करा. पुढे खातं न जोडता फोन बिनमहत्त्वाच्या व्हिडिओंनी पूर्ण भरा आणि पुन्हा रिसेट करा. नियंत्रकाने राखून ठेवलेली थोडी जागा यातूनही सुटू शकते, पण तिथल्या मजकुराची किल्ली सापडणं आणि पासवर्ड फोडणं आता बरंच कठीण होतं.

बंद केलेल्या खात्यांचं दुखणं मात्र आपल्या हाताबाहेरचं आहे. ॲप काढलं म्हणजे खातं गेलं नाही आणि खातं डिलीट केलं तरी कंपनीच्या बॅकअपमध्ये ते काही काळ राहतं. ॲश्ले मॅडिसन ही विवाहबाह्य संबंध जुळवणारी साइट १९ डॉलर घेऊन ‘पूर्ण डिलीट’ विकत होती. २०१५ मध्ये तिची माहिती फुटली, तेव्हा पैसे भरून गेलेल्यांचे तपशीलही त्यात होते. काही माहिती वर्षभरापर्यंत ठेवली जात होती, असं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पुढे म्हटलं. म्हणून खातं बंद करण्याआधी त्यातलं नाव, फोन नंबर, पत्ता आणि जोडलेलं कार्ड बदला किंवा काढा, काही आठवडे जाऊ द्या आणि मग डिलीट करा. नंतरचे बॅकअप तरी रिकाम्या खात्याचे असतील, जुने मात्र त्यांची मुदत संपेपर्यंत राहतीलच.